घरी आलं कोण?

शनिवारी ताईकडे गेलो, तर सातवीतला भाचा तोंड पाडून बसलेला. सहलीच्या निबंधात एका वाक्याखाली लाल रेघ, बाजूला फक्त 'वाक्यरचना!' काय चुकलं ते पोराला कळेना. वाक्य होतं, 'सहलीहून घरी येऊन आईने मला गरम भात वाढला.'

म्हणजे सहलीला गेली आई आणि भात खातोय हा :)

नुसती रेघ मारणं मला पटत नाही. एरर मेसेज न देता प्रोग्रॅम बंद पडावा, तसं ते झालं. 'येऊन'ला सहसा स्वतःचा कर्ता नसतो, तो पुढच्या क्रियापदाचा कर्ता उचलतो. वाढणारी आई, म्हणून येणारीही आईच. भाच्याला म्हटलं, "आलं कोण, वाढलं कोण, विचार. उत्तरं दोन आली की 'येऊन' काढ." त्याने लिहिलं, 'मी सहलीहून घरी आल्यावर आईने मला गरम भात वाढला.' 'आल्यावर'ला वेगळा कर्ता चालतो.

पण पठ्ठ्याने अडवलंच. "मामा, मग 'पाऊस पडून चिखल झाला' हे चूक का?"

नाही रे बाबा! तिथे कोणी मुद्दाम काही करत नाही, एकातून दुसरं आपोआप होतं. ते चालतं.

खाली आणखी एक होतं, त्यावर रेघसुद्धा नव्हती. 'झाडावर चढताना मला माकड दिसले.'

"चढत कोण होतं?"

"माकड!"

वाचणाऱ्याला मात्र झाडावर भाचाच दिसतो. शेवटी झालं, 'झाडावर चढणारे माकड मला दिसले.'