टेबलावरचं आणि खणातलं

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक छोटासा वाद झाला. ऑफिस ठाण्याला घोडबंदर रोडवर, वाद संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे ज्या वेळी डोंबिवलीकराने खरं तर स्टेशनच्या रिक्षेच्या लाइनीत असायला हवं. टीममधल्या एका नव्या मुलाने दोन टास्कमध्ये अदलाबदल करणारं असेंब्ली रुटीन लिहून आणलं होतं. चालत होतं. पण त्यात त्याने प्रोसेसरचे झाडून सगळे रजिस्टर सेव्ह केले होते. मी विचारलं, "एवढे कशाला?" तो म्हणाला, "सर, सेफ साइड."

हे 'सेफ साइड' प्रकरण माझ्या डोक्यात बसलंय. कारण हा शब्द जिथे येतो तिथे बहुतेक वेळा 'मला नक्की माहीत नाही' असं वाचावं लागतं. त्या मुलावर राग नाही बरं का. माझा स्वतःचा इतिहास याहून वाईट आहे, तो पुढे सांगतोच.

आधी मुद्दा. एका टास्कचं काम अर्धवट थांबवून दुसऱ्याचं सुरू करायचं म्हणजे काय काय जपायचं? प्रोग्रॅम कुठल्या ओळीवर होता ते, रजिस्टरमध्ये काय होतं ते, आणि स्टॅक कुठे होता ते. पैकी पहिली गोष्ट फुकटात मिळते. आपलं रुटीन फंक्शन म्हणून कॉल झालं की परतीचा पत्ता `call` स्वतःच स्टॅकवर ठेवून देतो. उरले रजिस्टर आणि स्टॅक पॉइंटर.

आता रजिस्टर. आमच्या लहानपणी डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये टेबल एकच होतं. माझा अभ्यास, बाबांचे हिशेब, आईचं निवडणं-टिपणं सगळं त्यावरच. नियम साधा होता: टेबलावर पसरलेलं पुढचा माणूस उचलून ठेवणार, त्याबद्दल रडायचं नाही. पण खणात ठेवलेल्याला कुणी हात लावायचा नाही, आणि लावलाच तर उठताना जसंच्या तसं परत ठेवायचं.

चौसष्ट-बिट इंटेल-एएमडी मशीनवर लिनक्समध्ये फंक्शन एकमेकांना कसे कॉल करतात, त्याचा करार अगदी असाच आहे. `rax`, `rcx`, `rdx`, `rsi`, `rdi` आणि `r8` ते `r11` हे टेबलावरचे. त्यातलं काही हवं असेल तर कॉल करणाऱ्यानेच आधी उचलून ठेवायचं, आणि कंपायलर ते इमानेइतबारे करतो. `rbx`, `rbp` आणि `r12` ते `r15` हे सहा खणातले. ज्याला कॉल केला त्याने ते जसेच्या तसे परत द्यायचे. म्हणजे टास्कने स्वतःहून आपलं रुटीन कॉल केलं असेल, तर टेबल आधीच आवरलेलं आहे. आपल्याला फक्त खण सांभाळायचाय. बस्स, हे एवढंच:

```
switch_to:
    pushq %rbp
    pushq %rbx
    pushq %r12
    pushq %r13
    pushq %r14
    pushq %r15
    movq %rsp, (%rdi)
    movq %rsi, %rsp
    popq %r15
    popq %r14
    popq %r13
    popq %r12
    popq %rbx
    popq %rbp
    ret
```

मोजून पंधरा सूचना. सहा वस्तू जुन्या स्टॅकवर ठेवल्या, स्टॅक पॉइंटर पहिल्या टास्कच्या नावे लिहून ठेवला, दुसऱ्याचा उचलला, आणि त्याच्या स्टॅकवरून त्याच्या सहा वस्तू काढल्या. मधल्या दोन `movq` हीच सगळी जादू. त्यांच्या वरचं कोड एका टास्कचं आणि खालचं दुसऱ्याचं! शेवटचा `ret` ज्याने कॉल केला त्याच्याकडे परत जातच नाही, पूर्वी कधीतरी दुसऱ्या टास्कने केलेल्या कॉलकडे जातो. ठाण्याला कसारा लोकल पकडावी, कल्याणला डुलकी लागावी आणि डोळे उघडावेत तर नेरळ :) पण गंमत अशी की टास्कला स्वतःला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या मते त्याने एक फंक्शन कॉल केलं आणि ते परत आलं, इतकंच.

आता माझा इतिहास. काही वर्षांपूर्वी एका जुन्या नोकरीत मीटरचं रीडिंग गोळा करणाऱ्या एका डब्यासाठी मी असंच रुटीन लिहिलं होतं. त्यात `rbx` राहून गेला. पुश पण नाही, पॉप पण नाही. टेस्टिंगमध्ये सगळं मस्त चाललं. मग रिलीजसाठी `-O2` लावलं आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. दोन दिवस डोकं खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी मी काय केलं? `-O2` काढून टाकलं आणि माल पाठवून दिला. 'कंपायलरमध्ये बग आहे' असं मेलमध्ये लिहिलंसुद्धा. आज ते आठवलं की कान गरम होतात.

झालं काय होतं ते एका खेळण्यातल्या उदाहरणावर बघा. टास्क 'अ' एकापासून मोजतो, टास्क 'ब' शंभरापासून. प्रत्येक जण एक आकडा छापतो आणि दुसऱ्याला पाळी देतो. यायला हवं 1, 100, 2, 101, 3, 102. ऑप्टिमायझेशन बंद असताना काउंटर प्रत्येकाच्या आपापल्या स्टॅकवर राहतो, म्हणून `rbx` विसरला तरी उत्तर बरोबर येतं. `-O2` लावल्यावर कंपायलर विचार करतो की हा काउंटर कॉलच्या पलीकडे टिकायला हवा, तर ठेवू खणात. तो सहसा निवडतो `rbx`. आणि माझ्या रुटीनमध्ये त्या खणाचं कुलूपच उघडं! 'अ' 1 छापतो. 'ब' तिथे 100 ठेवतो आणि छापतो. 'अ' परत येतो, खण उघडतो, त्यात 100. त्यात एक मिळवून 101 छापतो. मग 'ब' 102. आउटपुट येतं 1, 100, 101, 102, 103.. दोघं मिळून एकच काउंटर चालवतायत.

म्हणजे कंपायलर करार पाळत होता, मोडला मी होता. ओळखायची खूण ही: ऑप्टिमायझेशन बदललं की चूक येते-जाते, आणि एका टास्कची व्हॅल्यू दुसऱ्यात दिसते. असं झालं की कंपायलरला शिव्या घालण्याआधी आपले पुश मोजावेत, आणि पॉप बरोब्बर उलट क्रमाने आहेत का ते बघावं.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, आमच्या त्या मुलानेही केली होती. टास्क पहिल्यांदाच चालू होतो तेव्हा त्याच्या स्टॅकवर काहीच नसतं, मग पॉप काय करणार? म्हणून खोटा स्टॅक रचून ठेवायचा, जणू तो मागे कधी थांबलाच होता:

```
uint64_t *sp = (uint64_t *)(stack + 16384);
*--sp = 0;
*--sp = (uint64_t)task_fn;
for (int i = 0; i < 6; i++) *--sp = 0;
```

सहा शून्यं म्हणजे सहा खणांची. `task_fn` हा `ret` ला मिळणारा पत्ता. मग सगळ्यात वरचं ते एकटं शून्य कशाला? करार असं म्हणतो की कॉल करण्याच्या क्षणी स्टॅक पॉइंटर 16 च्या पटीत हवा. कॉलने 8 बाइटचा परतीचा पत्ता ठेवला की फंक्शनच्या दारात तो 16 च्या पटीपेक्षा 8 ने सरकलेला असतो. आपण `call` न करता `ret` ने आत शिरतोय, त्यामुळे त्या परतीच्या पत्त्याची जागा आपणच सोडायची. मुळात `stack` 16 च्या पटीत असला, की ते शून्य धरून गणित जुळतं. ते नसलं की स्टॅक 8 ने चुकतो.

आणि मजा अशी की चुकला तरी बऱ्याचदा चालतं! मग एके दिवशी तुम्ही `printf` मध्ये दशांश चिन्हाचा आकडा छापता आणि धाडकन क्रॅश. आमच्या मुलाचं हेच झालं होतं: `%d` चालतो, `%f` मरतो. त्याने आकडा शंभरने गुणून पूर्णांक छापायला सुरुवात केली होती. (माझाच वारसदार!) `gdb` मध्ये `x/i $rip` दिलं की मेलेली सूचना दिसते: `movaps`. ही सूचना 16 च्या पटीतलाच पत्ता घेते. तिच्यावर मेलेला प्रोग्रॅम दिसला की आधी स्टॅकचं गणित तपासावं. त्या शून्याचा आणखी एक फायदा म्हणजे टास्कचं फंक्शन चुकून संपलंच, तर ते पत्ता शून्यावर उडी मारतं आणि तिथेच पडतं. कुठेतरी भरकटण्यापेक्षा हे बरं.

आता मूळ वाद. सगळे रजिस्टर सेव्ह केले तर बिघडतं कुठे? थोडे नॅनोसेकंद जातील, त्याचं मला दुःख नाही. बिघडतं हे की 'कोण काय सांभाळणार' हा प्रश्नच गायब होतो. आणि तो प्रश्न पुढे लगेच येतो. टास्क स्वतःहून थांबत नसेल आणि टायमर इंटरप्टने त्याला मध्येच उचलला, तर तिथे टेबल आवरायला वेळ मिळालेलाच नसतो. तेव्हा खरोखर सगळं सेव्ह करावंच लागतं. एमआयटीच्या शिकवण्याच्या `xv6` मध्ये म्हणून दोन वेगळ्या रचना आहेत: इंटरप्ट आला की सगळे रजिस्टर ठेवणारी मोठी, आणि कर्नलच्या आत अदलाबदल करताना खणातले तेवढेच ठेवणारी छोटी. लिनक्सचं `__switch_to_asm` सुद्धा हेच सहा रजिस्टर पुश करतं. ज्याने 'सेफ साइड' म्हणून दोन्हीकडे सगळं कोंबलं, त्याला हा फरक कधी दिसणारच नाही.

इंटरव्ह्यूमध्ये सगळे पाठ केल्यासारखं सांगतात, कॉन्टेक्स्ट स्विच महाग असतो. महाग काय असतं हो? पंधरा सूचना? महाग असतं कर्नलमध्ये जाणं-येणं आणि त्यानंतर थंड पडलेली कॅश. ग्लिबसीचं तयार `swapcontext` आपल्या पंधरा ओळींपेक्षा हळू आहे, तेही मुख्यतः प्रत्येक वेळी सिग्नल मास्कसाठी ते सिस्टिम कॉल करतं म्हणून. हे पाठ करून कळत नाही, एकदा हाताने लिहून मोजलं की कळतं.

शेवटी त्या मुलाला मी म्हटलं, प्रत्येक `pushq` पुढे कॉमेंट लिही, हा रजिस्टर नाही ठेवला तर कोणाचं काय बिघडेल. ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही तो काढून टाक. शुक्रवारी त्याने सहा ओळी उरवून आणल्या. आणि वर एकटं शून्यही होतं, त्यापुढे कॉमेंट: 'परतीच्या पत्त्याची रिकामी जागा, काढू नये.'

माझ्या त्या जुन्या डब्यांपैकी काही अजूनही कुठेतरी चालू असतील, `-O2` शिवाय, हळूहळू. असो. त्या मेलला आता काय उत्तर पाठवणार?