नावाला टाका घालताना

भाच्याची मंगनी नळदुर्गला झाली. मुलगी शिवणकाम करते. तिचं नाव आपण सबा धरू. दोघंही मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे मेसेज मराठीतच चालतात. परवा भाचा तोंड पाडून आला. म्हणाला, "मामू, 'सबा-खैर' असं लिहिलं, तर तिने फक्त अंगठा पाठवला."

मी म्हटलं, बेटा, हा विनोद ती पहिलीपासून ऐकत आली असणार. शब्बाखैरमध्ये तिचं नाव तू कोंबलंस, पण त्यातून तिच्याविषयी काय सांगितलंस? काहीच नाही.

व्याकरणात श्लेष दोन प्रकारचा शिकवतो. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले की अभंग, तोडून निघाले की सभंग. माझं मत असं की प्रेमाच्या मेसेजमध्ये नाव तोडू नये. नावाची मोडतोड वर्गातली पोरं चिडवण्यासाठी करतात, आणि ती जखम मोठेपणीही ओली असते.

नाव अखंड ठेवून त्याचा अर्थ जागा करावा. दिल्लीचे मोमिन खान 'मोमिन' गझलेच्या शेवटी आपलं तखल्लुस असंच वापरत. मोमिन म्हणजे ईमानवाला. तो शेजारी 'बुत' म्हणजे मूर्तीसारखी प्रेयसी आणून बसवायचा, की नावच बोलू लागायचं. सबा म्हणजे पहाटेची झुळूक. उर्दू शायरीत तीच प्रेमिकांचे निरोप नेते. मग भाच्याने लिहिलं, "आज धाराशिवला वारा पडलाय. नळदुर्गहून सबा निघाली नाही का?"

याची परीक्षा सोपी आहे. सबाच्या जागी दुसरं नाव घालून पाहा. वाक्य तसंच चाललं, तर तो श्लेष नव्हे. आपल्या उखाण्यात नाव बहुधा यमकापुरतं येतं, म्हणून एकच उखाणा दहा घरी चालतो. मोबाईलवर फिरणाऱ्या तयार ओळींचंही तेच. मुलीला ते लगेच कळतं.

नावापेक्षा धंदा बरा, कारण त्यावर कमी लोकांनी हात मारलेला असतो. उर्दूत ईहाम नावाची युक्ती आहे. शब्दाचा जवळचा अर्थ आधी सुचतो, पण लिहिणाऱ्याला दूरचा हवा असतो. "शिवण आवरली असेल तर इकडेही एक टाका." आधी सुई-दोरा दिसतो, मग कळतं की स्वारी मेसेज मागतेय. इथे 'अहो-जाहो' हवंच. 'टाक' म्हटलं की गंमत गेली.

भाच्याला पुढे 'माप' सुचलं होतं. ते मी खोडलं. शिंपिणीला मापावरून बोलणारे दुकानात खूप भेटतात, आणि त्यांना ती हसून टाळत असते. जो शब्द तिला कामावर सोसावा लागतो, तो होणाऱ्या नवऱ्याने उचलू नये.

रात्री उत्तर आलं, "टाका घातला. उसवू नका."

भाचा आता मला विचारत नाही.