कधीपासून कधीपर्यंतचं गेलं, ते आधी सांगा

गोंदियातल्या एका कृषी केंद्रात या आठवड्यात एकाच क्रमांकाची दोन बिलं निघाली. एक आदल्या संध्याकाळी बियाणं नेलेल्या शेतकऱ्याकडे, दुसरं सकाळी फवारणीचं औषध नेलेल्याकडे. दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालतं. कंपनीच्या सर्व्हरवरच्या काही तासांच्या नोंदी रात्री गेल्या, जुन्या प्रतीवरून डेटा परत चढवला गेला आणि बिलांची मोजणी आपोआप मागे सरकली. दुकानदाराला हे कळलं ते दुपारी, मोबाइलवरच्या संदेशातून. ‘तांत्रिक अडचणीमुळे काही नोंदी दिसणार नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

नोंदी जाणं हा अपघात होता. त्यानंतरचा घोळ मात्र या एका ओळीने केला. जीएसटीच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक दुसऱ्यांदा वापरता येत नाही. ‘नवं बिल करण्याआधी शेवटचा क्रमांक तपासा’ एवढं वाक्य सकाळी दुकान उघडण्याआधी आलं असतं, तर दुबार बिलं निघालीच नसती. संदेशात ‘काही नोंदी’ म्हणजे कोणत्या हे नव्हतं, वेळ नव्हती, पुढे काय करायचं तेही नव्हतं. मग दुकानदाराने महिनाभराची उधारी पानोपान ताडून पाहायला घेतली. तपासायची होती फक्त एक संध्याकाळ.

महाराष्ट्राने हा अनुभव याहून मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. 2013 साली 7 एप्रिलला होणाऱ्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या तोंडावर एमपीएससीकडचा तीन लाखांहून अधिक उमेदवारांचा ऑनलाइन डेटा बिघडला. उमेदवारांना माहिती पुन्हा भरायला सांगण्यात आलं, शेवटी परीक्षाच पुढे गेली आणि 18 मे रोजी झाली. पुस्तकं बाजूला ठेवून उमेदवार जुनी चलनं शोधत बसले.

याच्याशेजारी ठेवून वाचावं असं निवेदन गिटलॅब या कंपनीचं आहे. प्रोग्रामर मंडळी आपला कोड आणि त्यावरची चर्चा जिथे ठेवतात, अशी ही सेवा. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याला बिघडलेल्या राखीव सर्व्हरवरचा डेटा पुसून तिथे नवी प्रत चढवायची होती. दमलेल्या माणसाने पुसण्याची आज्ञा दिली ती चालू, मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर 310 जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं.

कंपनीने ते लपवलं नाही. दुरुस्ती चालू असतानाच तिची टिपणं सर्वांना वाचायला खुली ठेवली. दुसऱ्या दिवशी निवेदन आलं, सविस्तर कारणमीमांसा 10 फेब्रुवारीला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी ग्राहकाला हवा असतो परिणाम आणि पुढची कृती. कारणाची खातरजमा व्हायला वेळ लागतो, आणि घाईत सांगितलेलं कारण नंतर फिरवावं लागलं की पुढच्या निवेदनावर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्या निवेदनाचा कणा म्हणजे दोन वेळा. 31 जानेवारीच्या 17:20 पासून मध्यरात्रीपर्यंत, जागतिक प्रमाणवेळेनुसार, केलेले बदल गेले. भारतीय घड्याळाने रात्री 10:50 ते पहाटे 5:30. गोंदियातला एखादा प्रोग्रामर रात्री दहाला काम आटोपून झोपला असेल, तर हे वाचून त्याला काहीच करायचं नव्हतं. जो बारा वाजता जागा होता, त्याला नेमकं काय तपासायचं ते कळलं. सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 प्रतिक्रिया आणि 700 नवी खाती यांना फटका बसला होता. त्याबरोबर काय गेलं नाही हेही लिहिलं होतं: खुद्द कोड सुरक्षित आहे, आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं आहे त्यांना काहीही झालेलं नाही. सुरक्षित काय आहे हे सांगितलं नाही, तर ज्याचं काहीच गेलेलं नाही तोही घाबरून सगळं तपासत बसतो.

कारण सांगतानाही कंपनी ‘मानवी चूक’ म्हणून थांबली नाही. अभियंत्याचं नाव दिलं नाही. एका चुकीच्या आज्ञेने सहा-सात तासांचं काम कायमचं का जावं, याचं उत्तर मात्र दिलं. रोजचा बॅकअप बनतच नव्हता, कारण डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन 9.2 चं. तो फसल्याचे इशारे ईमेलने निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. डिस्कची आपोआप प्रत काढण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. वाचवलं ते एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेल्या प्रतीने. 17:20 ही वेळ तिथून आली.

या स्तंभाच्या वाचकांना पुढचं वाक्य पाठ असेल, तरी ते पुन्हा लिहायलाच हवं. परत चढवून पाहिलेला नाही, तो बॅकअप नव्हे. गोंदियातल्या किती पतसंस्था, भातगिरण्या आणि दवाखान्यांनी गेल्या वर्षात एकदा तरी तो चढवून पाहिला असेल? फारच थोड्यांनी, अशी या स्तंभाची पक्की समजूत आहे.

उपायही तपासता येतील असेच होते: बॅकअप परत चढवून पाहण्याची स्वयंचलित चाचणी, तो झाला की नाही यावर नजर, डेटा टिकवण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे, आणि मुख्य सर्व्हर चाचणीच्या सर्व्हरपासून ओळखता यावा म्हणून स्क्रीनवर वेगळा रंग. ‘योग्य ती खबरदारी घेऊ’ या आश्वासनाचा हिशेब कोणी मागू शकत नाही. ‘बॅकअपची चाचणी सुरू झाली का?’ असं मात्र विचारता येतं.

कृषी केंद्राला आलेला संदेश याच घडणीत सहज बसला असता. समजा, सायंकाळी 5 ते रात्री 9 या वेळेतल्या नोंदी गेल्या. मग मजकूर असा: ‘काल सायंकाळी 5 ते रात्री 9 या वेळेत केलेली बिलं आणि उधारीच्या जमा नोंदी आमच्याकडून गेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत. 5 च्या आधीचं सर्व सुरक्षित आहे. छापलेल्या बिलांवरून त्या नोंदी जुन्याच क्रमांकाने पुन्हा भरा. तोवर नव्या बिलांसाठी वेगळी क्रममालिका वापरा, नियमात तशी मुभा आहे. उधारी जमा केलेल्या ग्राहकांच्या पावत्या पाहून खाती जुळवा. कारण शोधत आहोत, शुक्रवारी लेखी कळवू.’ सहा वाक्यं झाली. ‘परत येणार नाहीत’ हे लिहायला जड जातं, पण ते गाळलं तर दुकानदार नोंदी परत येण्याची वाट पाहत बसतो आणि तोवर छापील पावत्या हरवतात.

संदेश कधी पाठवायचा, हाही त्यातलाच भाग. जुनी प्रत चढवल्यावर सेवा ग्राहकांसाठी खुली करण्याआधी तो पोहोचायला हवा, आणि शक्य असेल तर बिलांची मोजणी कंपनीनेच पुढच्या सुरक्षित आकड्यावर नेऊन ठेवायला हवी.

ज्या दुकानदारांना असा मोघम संदेश आला असेल, त्यांनी कंपनीला लेखी तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचं गेलं, त्यातलं परत काय येणार नाही, आणि बॅकअप शेवटचा कधी चढवून पाहिला होता? उत्तर येईपर्यंत छापील बिलांची एकही प्रत टाकू नये.