कापसाचा हमीभाव: मामूच्या पंचवीस क्विंटलचा हिशेब

कापसाचा हमीभाव वाढला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज येतात. एकात सरकारचे अभिनंदन असते, दुसऱ्यात फसवणुकीचा आरोप. दोन्हीकडे भाव तेवढा लिहिलेला असतो, हिशेब कोणी लिहीत नाही. मी कॉम्प्युटरचा माणूस आहे, कापसातले मला जे कळते ते पांढरकवड्याकडे राहणाऱ्या मामूकडून. म्हणून २०२४-२५ च्या हंगामाचा हिशेब त्यांच्याच वहीवरून मांडतो. आकडे गोल केले आहेत.

मामूची तीन एकर स्वतःच्या नावावर, दोन एकर ठेक्याची. कोरडवाहू जमीन, एकरी पाच क्विंटल, म्हणजे एकूण पंचवीस क्विंटल कापूस. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, ठेका आणि घरच्यांची मजुरी धरून एकरी २८,००० रुपये, म्हणजे पाच एकरांना १,४०,००० रुपये खर्च. खासगी भाव ७,००० धरला तर १,७५,००० हाती येतात. उरतात ३५,००० रुपये. वर्षभराचे.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. पण हा भाव मिळतो तो ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तेव्हा. त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर गाडी परत. मामूचा कापूस १० टक्क्यांवर निघाला. दोन टक्के म्हणजे १५० रुपये कमी, हाती ७,३७० रुपये. खासगी भावापेक्षा क्विंटलमागे ३७० जास्त. सगळे पंचवीस क्विंटल सीसीआयला, म्हणजे भारतीय कपास निगमला, घातले असते तर ९,२५० रुपये वाढले असते. १,७५,००० च्या विक्रीत ही रक्कम किरकोळ दिसते. उरणाऱ्या ३५,००० मध्ये मात्र ती सव्वीस टक्क्यांची वाढ आहे. भावात पाच टक्क्यांचा फरक पडला की शेतकऱ्याच्या मिळकतीत चौथा हिस्सा हलतो, हे शहरात बसून लक्षात येत नाही. हमीभावाची मागणी इतक्या तळमळीने का होते, त्याचे कारण इथे आहे.

आता प्रत्यक्षात काय झाले ते. ठेक्याच्या दोन एकरांचा दहा क्विंटल कापूस केंद्रावर जाऊच शकत नव्हता. केंद्राला सातबारा लागतो, त्यावर पीक पाहणीत कापसाची नोंद लागते, आणि पैसे येतात ते सातबारावाल्याच्या खात्यात. जमीनमालक नागपूरला. तो म्हणाला, "माझ्या खात्यात कशाला भानगड?" संपला विषय. उरलेल्या पंधरा क्विंटलपैकी चार क्विंटल पहिल्या वेचणीचे. केंद्र सुरू व्हायचे होते, वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची होती, म्हणून ते खेडा खरेदीत गेले. म्हणजे केंद्रावर पोचले अकराच क्विंटल. अकरा गुणिले ३७०, म्हणजे ४,०७० रुपये. गाडीभाडे आणि जिनिंगच्या बाहेर रांगेत काढलेली रात्र यांचे १,२०० वजा केले तर २,८७० रुपये. सव्वीस टक्क्यांचे आठ टक्के झाले.

मामूसारखे ठेक्याने, बटईने कसणारे आपल्या गावांत पुष्कळ आहेत. आपल्या समाजात ज्यांची स्वतःची जमीन थोडी किंवा नाहीच, त्यांच्या घरी ही गोष्ट सांगावी लागणार नाही. हमीभाव पिकाला आहे असे आपण म्हणतो, पण तो मिळतो कागदाला.

आता सरकारच्या बाजूने बघू. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ किलो रुई आणि ६५ किलो सरकी निघते, बाकी घट. रुई १५३ रुपये किलो धरली तर ५,०५० रुपये, सरकी ३४ रुपये किलो धरली तर २,२१०. एकूण ७,२६०. खासगी व्यापारी ७,००० ला घेऊन अडीचशेच्या आसपास प्रक्रियेला घालतो आणि जेमतेम सुटतो. म्हणूनच तो ७,००० देतो. त्याच्या मनाचा मोठेपणा किंवा खोटेपणा यात फारसा नाही. सरकार ७,३७० ला घेते, त्यावर जिनिंग, गाठी बांधणे, वाहतूक, गोदाम, विमा आणि काही महिन्यांचे व्याज मिळून ५०० धरू. खर्च ७,८७०, वसुली ७,२६०. क्विंटलमागे ६१० रुपयांचा तोटा. शेतकऱ्याला ३७० रुपये जास्त मिळावेत म्हणून तिजोरीतून ६१० गेले. एक रुपया पोचवायला एक रुपया पासष्ट पैसे.

ही माझी गृहीतके आहेत, पण फार हवेतली नाहीत. २०१४-१५ ते २०२०-२१ या सात हंगामांतल्या खरेदीचा तोटा भरून देण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सीसीआयला १७,४०८ कोटी ८५ लाख रुपये मंजूर केले. या काळात सुमारे ३०० लाख गाठींएवढा कापूस घेतला गेला. त्यातल्या सुमारे २०० लाख गाठी शेवटच्या दोन हंगामांतल्या, म्हणजे कोरोनाच्या काळातल्या. भागाकार केला तर गाठीमागे ५,८०० रुपये येतात. एका गाठीला सव्वापाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे क्विंटलमागे अकराशे रुपये. पडत्या बाजारात तोटा माझ्या ६१० पेक्षा बराच वर जातो.

एवढ्यावर थांबून "बघा, सरकारी खरेदी म्हणजे पैशाची नासाडी" असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांचा हिशेब अर्धा आहे. मार्च २०२५ अखेरपर्यंत सीसीआयने ५२५ लाख क्विंटल कापूस घेतला होता, म्हणजे १०० लाख गाठी. तोवर बाजारात आलेल्या मालाच्या हा ३८ टक्के हिस्सा. एवढा माल एका बाजूने उचलला जातो तेव्हा उरलेल्या मालासाठी व्यापाऱ्यांना जरा जास्त पैसे मोजावे लागतात. ही खरेदी झालीच नसती तर खासगी भाव ७,००० ऐवजी ६,७०० असता, असे क्षणभर धरा. मग मामूने खेडा खरेदीत विकलेल्या चार क्विंटललाही आणि ठेक्याच्या दहा क्विंटललाही तीनशे रुपये मिळाले, ज्याची नोंद कुठल्याच खात्यात नाही. चौदा गुणिले ३००, म्हणजे ४,२०० रुपये. केंद्रावर मिळालेल्या २,८७० पेक्षा जास्त! हे पैसे तिजोरीतून गेले नाहीत, सूतगिरण्यांनी दिले.

म्हणून हमीभावाचा खरा प्रश्न असा की हा न दिसणारा फायदा टिकतो केव्हा? आपल्या जिल्ह्याला याचे उत्तर पूर्वीच मिळाले आहे. १९७२ मध्ये, पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यात पिकलेला कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, दुसऱ्याला विकणे गुन्हा. कल्पना मोठी होती. पण पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद होते आणि तिथे हा कायदा नव्हता. पलीकडे भाव चढला की यवतमाळचा कापूस रात्रीतून नदी ओलांडायचा आणि पणन महासंघाची केंद्रे ओस पडायची. पलीकडे भाव पडला की तिकडचा माल इकडच्या केंद्रांवर येऊन ओतला जायचा. नफ्याच्या वर्षी माल नाही, तोट्याच्या वर्षी दुप्पट. तोटा साचत गेला आणि अखेर एकाधिकार सोडावा लागला. शेवटी शेवटी तर भाव निवडणुकीच्या तारखेवर ठरू लागला: २००४-०५ मध्ये केंद्राचा हमीभाव १,९६० असताना राज्याने २,५०० दिला आणि पुढच्याच वर्षी वरची रक्कम काढून घेतली. खर्च वाढलेला, कर्ज २,५०० च्या भरवशावर काढलेले. त्यानंतरची यवतमाळची वर्षे कशी गेली, ते २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले यावरून समजून घ्या.

तेव्हाची पैनगंगा आता बंदरांवर आली आहे. कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते, ते केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले, आणि पहिली मुदत सप्टेंबरअखेर संपत असताना ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे विदर्भातली पहिली दुसरी वेचणी बाजारात येण्याचा नेमका काळ. त्याच हंगामासाठी हमीभाव ८,११० केला होता. एका हाताने भाव वर बांधला, दुसऱ्या हाताने दार उघडले. गिरणीला बाहेरची रुई स्वस्त पडली तर ती इथल्या व्यापाऱ्याला जास्त भाव देणार नाही. मग मामूचे ते न दिसणारे ४,२०० रुपये जातात, आणि सीसीआयच्या दारात जास्त माल येऊन तिजोरीचा तोटाही वाढतो. गिरण्यांचीही बाजू आहे. महाग रुईने सूत विकले जात नाही आणि तिथेही आपलीच पोरे कामाला आहेत. पण शुल्क उठवायचेच असेल तर ते शेतकऱ्याच्या घरातला कापूस संपल्यावर, उन्हाळ्यात उठवावे.

दुसरा मार्ग थेट पैसे देण्याचा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, दिले. मामूच्या तीन एकरांना सुमारे ६,००० आले. गोदाम नाही, व्याज नाही, रांगेतली रात्र नाही, एक रुपया पोचवायला जवळजवळ एकच रुपया. म्हणून सगळी खरेदी बंद करून हेच करावे, असे मला वाटत नाही. सरकार बाजारातून माल उचलणार नसेल तर व्यापारी ६,७०० वर उतरेल, आणि पैसे इथेही सातबारालाच मिळाले, ठेकेदाराला नाही. पण ज्या वर्षी शुल्क उठवायचे, त्या वर्षी खरेदीबरोबर हेक्टरी रक्कमही आधी जाहीर करावी. शुल्क उठवल्याचा फायदा गिरणीला आणि भार शेतकऱ्यावर, असे होऊ नये.

ठेक्याच्या शेतीसाठी गावात करता येण्यासारखे एक काम आहे. पीक पाहणीची नोंद आता मोबाईलवर होते आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयची नोंदणीही 'कपास किसान' ॲपवर गेली. खाते, आधार, सातबारा, तिन्हीवर नाव एकाच माणसाचे हवे. मालकाशी ठेका ठरवतानाच, मे महिन्यात, कापूस त्याच्या नावाने केंद्रावर जाईल आणि चुकारा आला की किती दिवसांत परत मिळेल, हे कागदावर लिहून घ्या. मामूने नागपूरला फोन केला तो नोव्हेंबरात, कापूस घरात आल्यावर. तेव्हा मालकाला हो म्हणायचे काही कारणच उरले नव्हते.