उताऱ्यात आहे की मनात आहे?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या वर्गासाठी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपुढे एक छोटा उतारा ठेवतो. तो आम्हीच रचला आहे.

‘बाबूराव कापसाची गाडी घेऊन इचोड्याच्या बाजारात आले. खरेदी केंद्रावर यंत्राने ओलावा तपासला. थोड्या वेळाने बाबूरावांनी गाडी वळवली आणि न बोलता घरी परतले. दुसऱ्या दिवशी अंगणभर कापूस पसरलेला होता.’

प्रश्न: बाबूराव परत का गेले? उत्तरसूचीत असते, ‘कापसात ओलावा जास्त होता.’ उत्तर पटण्याजोगे आहे, पण उताऱ्यात ते कुठेही लिहिलेले नाही. ते निश्चित ठरते की नुसते सुचते, हे तपासायला त्याच्या उलट जाणारे एक वाक्य उताऱ्यात घालून पाहावे. ‘ओलावा नऊ टक्के निघाला, पण केंद्राचा वजनकाटा बंद पडला होता.’ उतारा कुठेही मोडत नाही. म्हणजे जास्त ओलावा ही दाट शक्यता आहे, निष्कर्ष नाही. आता दुसरे विधान घ्या: तपासणीनंतरही बाबूराव काही काळ बाजारात होते. याच्या उलट ‘तपासणी होताच ते निघाले’ असे लिहिले की ‘थोड्या वेळाने’शी ते आदळते. हे विधान उताऱ्याने बांधलेले आहे.

म्हणून ‘उताऱ्यावरून निश्चितपणे काय म्हणता येईल?’ आणि ‘कोणते कारण सर्वाधिक संभवते?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नुसते ‘का?’ विचारले की दोन्ही मिसळतात, आणि ‘उताऱ्यात सांगितलेले नाही’ असे लिहिणाऱ्या सावध मुलाचे गुण जातात. आमच्या मते हा त्या मुलावर अन्याय आहे.

इचोड्याच्या मुलाची अडचण याहून बारीक आहे. घरात कापूस असल्याने सरकारी खरेदीत बारा टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो हे त्याला ठाऊक असते. तो लिहितो, ‘ओलावा बारा टक्क्यांच्या वर होता.’ माहिती खरी, पण आकडा घरून आलेला. त्याला चूक म्हणण्याआधी एवढेच विचारावे, ‘कोणत्या वाक्यावरून? बोट ठेव.’ यंत्राच्या आणि अंगणाच्या वाक्यांवर बोट जाईल. बारावर ठेवायला जागाच सापडणार नाही, आणि फरक त्याचा त्यालाच दिसेल.

उलट ज्या मुलाने कापूस पाहिलेला नाही, त्याला पसरलेल्या कापसाचा अर्थच लागणार नाही. तिथे प्रश्न वाचन न तपासता शेतीची माहिती तपासतो. ‘ओला कापूस वाळवल्याशिवाय केंद्रावर घेत नाहीत’ हे वाक्य उताऱ्यात घातले की दोन्ही मुले एका पायरीवर येतात. उतारा न दाखवता प्रश्न आधी काही मुलांना विचारून पाहावा. बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले, तर तो प्रश्न उताऱ्याचा नाही.

‘न बोलता’वरून ‘ते रागावले होते’ हा पर्याय द्यायला हरकत नाही, मात्र त्याला आधार या दोनच शब्दांचा आहे आणि ओलाव्याला दोन वाक्यांचा. दोन गुणांच्या प्रश्नात एक गुण उत्तराला आणि एक आधाराच्या वाक्याला ठेवला, तर हा फरक उत्तरपत्रिकेतच दिसतो.