सूर्यास्त पाळला, पोट कोण पाळणार?

"आपण कांदा-लसूण खात नाही, रात्री जेवत नाही, आपल्याला कसली आलीय ॲसिडिटी?" हे वाक्य मी बस्तीच्या पायरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि माझ्या स्वतःच्या तोंडूनही ऐकलंय. बोलणाऱ्या बाईच्या पर्समध्ये त्याच वेळी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते. माझ्याही होती, चांगली सहा वर्षं.

आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. व्रताशी माझं भांडण नाही. सूर्यास्ताआधी जेवल्यामुळे झोपण्यापूर्वी तीन-चार तास मिळतात, आणि रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास त्याने खरोखरच कमी होतो. हे डॉक्टरही सांगतात. पण सूर्यास्त आपल्याला कधी थांबायचं एवढंच सांगतो. किती खायचं आणि खाल्ल्यावर लगेच काय करायचं, हे तो सांगत नाही. ते आपण ठरवतो, आणि वाईट ठरवतो.

आमच्या बेळगावातलंच बघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. महिला मंडळाचा व्यायामाचा वर्ग साडेसहाला, कारण काय, तर "तोवर सगळ्यांची जेवणं उरकलेली असतात." ऐकायला किती सोयीचं! आता त्या अर्ध्या तासाआधी माझ्या घरी काय घडत असे ते सांगते. पाच वाजता तवा चुलीवर. यजमान दुकानातून पावणेसहाला येणार, त्यांना भाकरी गरम हवी. मुलांची ताटं, आत्यांचं ताट, आणि सगळ्यात शेवटी मी. घड्याळात पाच बावन्न. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, शेंगदाण्याचं कूट घातलेली वांग्याची भाजी, वर आमटी-भात, ताक. हे सगळं सात-आठ मिनिटांत, निम्मं उभ्यानं. आणि मग ती शेवटची घाई. आता सकाळपर्यंत पाणी नाही, म्हणून दोन भांडी पाणी घटाघटा. हिशेब केला तर सव्वा लिटरच्या वर ऐवज पोटात गेला होता. त्यावर परकराची नाडी घट्ट. साडेसहाला मी वर्गात उड्या मारत होते.

दहाव्या मिनिटाला छातीच्या मधोमध जळजळ. पुढे वाकलं की आंबट पाणी थेट घशात. घरी आलं की आत्या म्हणायच्या, "तुला सांगितलं होतं बाई, बायकांना हे नाचणं-उड्या मारणं सोसत नाही." मी मान डोलवायची आणि गोळी घ्यायची.

आत्यांचं निदान चुकीचं होतं आणि माझा उपायही चुकीचा होता. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंची एक झडप असते. जठर ताणलं गेलं की ही झडप मधून मधून आपोआप सैल होते. म्हणून तर जेवणानंतर ढेकर येते. जठर जितकं भरलेलं, तितक्यांदा ती सैल होणार. त्यात तुम्ही वाकलात, उडी मारलीत, श्वास रोखून पोट आवळलंत, की खालून दाब येतो आणि आत असलेलं वर चढतं. व्यायाम बिचारा रिकाम्या पोटावर सहसा फारसं काही करत नाही. भरलेल्या पिशवीला दाबलं की ती सांडणारच, यात पिशवी दाबणाऱ्या हाताचा दोष किती आणि ती काठोकाठ भरणाऱ्याचा किती?

कांदा-लसूण नसल्याचा अभिमानही इथं कामाला येत नाही. कांद्याने काहींना त्रास होतो हे खरं. पण पोट कशाने ताणलं गेलं हे झडप विचारत नाही. ताकाने आणि पाण्यानेही ते ताणलं जातं. आणि ज्या जेवणात तेल, कूट, तूप जास्त, ते जठरात जास्त वेळ रेंगाळतं. साधं पण भरपेट जेवण जठरातून बऱ्यापैकी पुढं सरकायला तीन-चार तास लागतात. मी त्याला पस्तीस मिनिटं देत होते.

गोळीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. ती आम्ल कमी करते. भरलेलं पोट रिकामं करत नाही आणि झडप घट्ट करत नाही. शिवाय आपण घेतो ती रोजची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. मी ती वर्गातून आल्यावर, जळायला लागल्यावर घेत होते. पाणी चालत नाही म्हणून कोरडी चघळून! आणि वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता. तुम्हाला डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल तर मनाने बंद करू नका. पण स्वतःहून सुरू केली असेल, तर कुणाच्या सांगण्यावरून घेताय हे एकदा स्वतःला विचारा.

मग मी काय केलं? पदार्थ फारसे बदलले नाहीत, घड्याळ आणि माप बदललं. दिवसाचं मोठं जेवण दुपारी साडेबाराला आणलं. भात, आमटी, कूट घातलेली भाजी, जे काय हवं ते तिथं. दुसरं जेवण चार वाजता, बसून: एक भाकरी, वाटीभर दुधी किंवा दोडक्याची भाजी, थोडी मुगाची आमटी. भात नाही. म्हणजे साडेसहापर्यंत अडीच तास मिळाले, आणि जेवण हलकं असल्याने तेवढे पुरले. पाण्याची शेवटची धाड बंद केली. दुपारी दोनपासून दर तासाला एक भांडं, आणि सूर्यास्ताला फक्त चार घोट. दिवसभराचं पाणी तेवढंच, फक्त ते एकदम पोटात ओतायचं नाही. वर्गात नाडीऐवजी सैल कमरेची सलवार. दोन आठवडे वहीत लिहिलं: कधी खाल्लं, किती, पाणी किती, कुठल्या हालचालीला जळलं. पहिल्या आठवड्यात दोनदा जळलं. दोन्ही दिवशी पाहुणे आले होते आणि मी त्यांच्याबरोबर साडेपाचला पुन्हा बसले होते. वही खोटं बोलत नाही.

चार वाजता मी एकटी ताट घेऊन बसले त्या पहिल्या दिवशी घरात जे झालं, ते जळजळीपेक्षा अवघड होतं. "पुरुषमाणसं यायची आहेत अजून, आणि सून जेवायला बसली?" आत्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण ऐकू येईल असं बोलल्या. मी म्हटलं, "आत्या, वाढायला मी आहेच. पण शेवटी जेवायचं म्हणून शेवटच्या सात मिनिटांत जेवायचं, हे कुठल्या व्रतात सांगितलंय?" त्या काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी स्वतःचं पाट साडेचारला मांडून घेतलं. त्यांचंही घशाशी येत होतं, कधी बोलल्या नव्हत्या.

सकाळच्या वर्गाला जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. संध्याकाळी सहाला जेवण, सकाळी साडेसातपर्यंत तेरा तासांवर उलटून गेलेले, पोट रिकामं. व्यायामाला याहून चांगली वेळ नाही. पण दोन घटका होताच आधी कडक चहा, आणि चहाच्या घोटावर सूर्यनमस्कार, मग तक्रार की "उपाशीपोटी व्यायाम केला म्हणून पित्त झालं." चहा व्यायामानंतर घ्या आणि काय होतं ते बघा. अगदीच गळल्यासारखं होत असेल तर अर्धं केळ किंवा दोन खजूर, आणि मग अर्धा-पाऊण तास थांबा. पेलाभर दूध नको. त्याने घटकाभर थंड वाटतं, पण ते भरल्या पोटाचंच काम करतं. ज्यांना मधुमेहाची औषधं चालू आहेत त्यांनी उपाशीपोटी व्यायामाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

माझ्या उपायाची मर्यादाही सांगते. एप्रिल-मेच्या घामात वर्ग झाल्यावर रात्रभर पाणी नाही, हे मला झेपलं नाही, डोकं दुखायला लागलं. त्या दोन महिन्यांत मी सकाळी जाते. एकाशनाच्या दिवशी एका बैठकीत दिवसभराचं खाऊन मग वर्गाला जाण्यात अर्थ नाही. त्या दिवशी जेवणाआधी सावकाश चाला, तेवढं पुरे. आणि कुठल्याही दिवशी पोट भरलेलं असेल तर चालणं चालेल, पण उड्या, कपालभाती, पवनमुक्तासन, सर्वांगासन नको.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडू नका. जेवणाची वेळ बदलूनही जळजळ तशीच राहिली, किंवा रिकाम्या पोटी जिना चढताना छाती भरून येते आणि थांबल्यावर ओसरते, सोबत धाप, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, तर ते पित्त नसून हृदय असू शकतं. बायकांच्या बाबतीत हे पित्ताच्या नावाखाली फार सहज झाकलं जातं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. घास अडकणं, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, यालाही गोळी हे उत्तर नाही.

आता मंडळाला माझं सरळ मागणं. हिवाळ्यात वर्ग साडेसहाला ठेवू नका, साडेचारला घ्या. सव्वापाचला सुटेल, मग थोडं बसून सूर्यास्ताआधी हलकं जेवण होईल, वर पाणीही पिता येईल. मला उत्तर मिळालं, "त्या वेळी बायकांना घरातून निघता येत नाही, चहा-स्वयंपाकाची वेळ असते." म्हणजे वेळ पोटाने ठरवलेली नाही, सूर्यानेही नाही. ती दुसऱ्यांच्या चहाने ठरवली आहे. मग दोष व्यायामाला का देता, आणि गोळी आपण का गिळायची? आठवड्यातून तीन दिवस तो चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा. पाणी, साखर, पत्ती, दूध. त्याला वर्गाला जावं लागत नाही.