यंदा लाभांश नाही, कारण विस्तार : टाळ्या वाजवण्याआधी अहवालाची पानं उलटा

सप्टेंबर महिना हा आपल्याकडे सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा महिना. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असते, म्हणून मंगल कार्यालयं लग्नसराईसारखी बुक असतात. मी यंदा अशा चार-पाच सभांना बातमीसाठी बसलो. त्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या अध्यक्षांचं भाषण मात्र डोक्यातून जात नाही. भाषण चांगलं होतं, म्हणूनच जात नाही.

अध्यक्षांचं म्हणणं थोडक्यात असं : बँकेला चांगला नफा झालाय. पण तो वाटून टाकला तर दोन दिवसांत संपेल. बँकेत ठेवला तर नव्या शाखा निघतील, कर्जवाटप वाढेल, बँक मोठी होईल. बँक मोठी झाली की सभासद आपोआप मोठा होईल. सबब संचालक मंडळाने यंदा लाभांशाची शिफारस केलेली नाही. मग त्यांनी अमेरिकेतल्या वॉरन बफे यांचं नाव घेतलं. तो माणूस लाभांश देत नाही, तरी त्याचे भागधारक कोट्यधीश झाले, असं सांगितलं. मागच्या रांगेतून “मंजूर, मंजूर” झालं आणि विषय संपला.

आता बफे यांच्याबद्दल सांगितलं ते खोटं नाही. त्यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने त्यांच्या ताब्यात आल्यापासून एकदाच, १९६७ साली, शेअरमागे १० सेंट लाभांश दिला. २०१४ साली तिथल्या एका भागधारकाने लाभांश सुरू करा असा ठराव आणला, तर बाकीच्या भागधारकांनीच तो प्रचंड मतांनी पाडला. म्हणजे लाभांश नको असं म्हणणारे भागधारकही जगात असतात. पण ते तसं का म्हणतात, हे समजून घेतलं की आपल्या अध्यक्षांच्या भाषणातली फट दिसते.

बफे यांनी स्वतःलाच एक कसोटी लावून घेतली आहे. कंपनीत ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमुळे काही वर्षांत भागधारकाच्या शेअरची बाजारातली किंमत किमान एक डॉलरने वाढली पाहिजे. वाढत नसेल तर तो डॉलर ज्याचा त्याला देऊन टाकावा. आणि ज्याला रोख पैसे हवेत त्याने दरवर्षी थोडे शेअर विकावेत, असा त्यांचा सल्ला. किंमत वाढलेली असते, त्यामुळे थोडे विकूनही उरलेल्याचं मूल्य वाढत राहतं. थोडक्यात, लाभांश न मिळालेला पैसा शेअरच्या किमतीत जमा होतो. भागधारकाचा खिसा बदलतो, पैसा त्याचाच राहतो.

सहकारी बँकेत हा दुसरा खिसाच नाही.

तुमच्याकडे बँकेचे ५,००० रुपयांचे भाग आहेत. वीस वर्षांपूर्वी घेतले तेव्हा ५,००० चे होते, आज ५,००० चेच आहेत, आणि राजीनामा देऊन परत मागितले तर दर्शनी किमतीनेच, म्हणजे ५,००० च मिळणार. मधल्या काळात बँकेचा राखीव निधी चाळीस लाखांवरून चार कोटींवर गेला तरी त्यातला एक रुपया तुमच्या भागाला चिकटत नाही. उद्या बँक गुंडाळली आणि सगळी देणी भागवून काही उरलं, तरी सहकार कायद्याप्रमाणे ते उरलेलं सभासदांत वाटता येत नाही, सार्वजनिक कामाला द्यावं लागतं. यामागे तत्त्व आहे आणि ते चांगलं आहे : पिढ्यांनी साठवलेली पुंजी एका पिढीने वाटून खाऊ नये. पण याचा अर्थ एवढा स्पष्ट आहे की सहकारी बँकेत रोखलेला लाभांश सभासदाला भागाच्या किमतीतून कधीच परत मिळत नाही. तो कायमचा सोडलेला पैसा असतो.

शिवाय यातले बरेच सभासद गुंतवणूक म्हणून भाग घेऊन बसलेलेच नाहीत. कर्ज काढायला गेले तेव्हा कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागले, विनातारण कर्जाला पाच टक्के, तारणी कर्जाला अडीच टक्के. भांडवल पुरेसं असलेल्या बँकांना पुढे यात सवलत मिळाली, पण जुन्या सभासदांचे भाग असेच आलेत. किराणा दुकानदार, रिक्षावाला, निवृत्त मास्तर. यांना बफेंच्या भागधारकांच्या रांगेत बसवणं बरोबर नाही.

मग लाभांश रोखणं चूकच का? अजिबात नाही. अध्यक्षांची बाजू पण नीट मांडायला हवी, कारण ती त्यांनी स्वतः नीट मांडली नाही.

बँक म्हणजे साखरेचं दुकान नव्हे, की ठेवी आल्या की तेवढी कर्जं वाटली. वाटलेल्या कर्जाच्या मागे बँकेचं स्वतःचं भांडवल ठराविक प्रमाणात लागतं. यालाच अहवालात सीआरएआर किंवा भांडवल पर्याप्तता म्हणतात. शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगितलं : मार्च २०२४ ला १० टक्के, मार्च २०२५ ला ११ आणि मार्च २०२६ पर्यंत १२. खासगी बँक बाजारात नवे शेअर विकून भांडवल आणते. आपल्या बँकेचा भाग कधीच महाग होत नाही, मग बाहेरचा कोण घेणार? त्यामुळे तिच्याकडे भांडवलाचे दोनच मोठे रस्ते उरतात, सभासदांना आणखी भाग विकणं आणि नफा मागे ठेवणं.

एक हिशोब करून बघू. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, कुठल्या बँकेचे नाहीत. समजा बँकेचं भागभांडवल ८ कोटी आणि निव्वळ नफा २ कोटी. यातले किमान पाव, म्हणजे ५० लाख, कायद्यानेच राखीव निधीला जातात. कायद्यात लाभांशाची कमाल मर्यादा १५ टक्के आहे, बँक समजा ८ टक्के देत आली आहे. म्हणजे लाभांशाला लागतात ६४ लाख. यंदा लाभांश नाही म्हणजे हे ६४ लाख वाचले. १२ टक्क्यांच्या हिशोबाने या ६४ लाखांच्या पाठबळावर साधारण ५ कोटी ३३ लाखांची नवी कर्जं देता येतात. ठेवीचं व्याज भागवून त्यावर तीन टक्के जरी सुटले तरी वर्षाला १६ लाख. खर्च आणि बुडीत धरून निम्मे राहिले तरी ८ लाख, दरवर्षी. हा व्यवहार वाईट नाही. अध्यक्षांनी एवढंच फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर मी पण टाळी वाजवली असती.

पण हा हिशोब एका अटीवर उभा आहे : पैसा खरंच चांगल्या कर्जाच्या मागे उभा राहिला पाहिजे. तो मुख्य कार्यालयाच्या नव्या इमारतीत, काचेच्या दर्शनी भागात आणि लिफ्टमध्ये गेला तर भिंती व्याज देत नाहीत. भाषणात दोन्हीला “विस्तार” असाच शब्द असतो. फरक अहवालात दिसतो. नफा वाटणीचा तक्ता काढा. राखीव निधीला किती, इमारत निधीला किती, बुडीत व संशयित कर्ज निधीला किती, शिल्लक नफा किती. भाषण विस्ताराचं आणि रक्कम इमारत निधीला, असं असेल तर प्रश्न विचारायची जागा तीच.

दुसरी शक्यता याहून गंभीर आहे. काही वेळा बँक लाभांश देत नसते असं नाही, तिला देताच येत नसतो. भांडवल अपुरं असेल, निव्वळ एनपीए मर्यादेबाहेर असेल, थकीत कर्जांसाठी पुरेशी तरतूद केलेली नसेल, तर रिझर्व्ह बँकेचे नियम लाभांशाच्या आड येतात. कोरोनाच्या वर्षी तर एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्याच व्यापारी आणि सहकारी बँकांना लाभांश द्यायला मनाई केली होती. तेव्हा अध्यक्षांनी सरळ सांगितलं, वरून बंदी आहे, आणि लोकांनी ऐकून घेतलं. आता बंदी फक्त आपल्याच बँकेला लागू होत असेल तर ते सांगायला जड जातं, आणि मग “विस्तार” हा शब्द कामाला येतो. हे ओळखायचं कसं? अहवालात तीन आकडे मागच्या दोन वर्षांच्या शेजारी ठेवून बघा : सीआरएआर, निव्वळ एनपीए आणि लेखापरीक्षणाचा वर्ग. सीआरएआर घसरतोय, एनपीए वाढतोय, वर्ग अ वरून ब वर आलाय आणि भाषणात मात्र नव्या शाखांची नावं आहेत, तर विस्ताराच्या आड दुसरंच काही आहे.

ज्या सभेबद्दल मी सांगतोय तिथे यातलं नेमकं काय होतं? भाषणातून कळायला मार्ग नव्हता, माझी तक्रार एवढीच आहे. किती रक्कम रोखली, कशासाठी, किती वर्षांसाठी, त्यातून किती कर्ज वाढणार, आणि लाभांश पुन्हा कधी, यातला एकही आकडा व्यासपीठावरून आला नाही. एका आजोबांनी उठून विचारलं, “साहेब, मग पुढच्या वर्षी तरी?” त्यांना उत्तर मिळालं, “बँक तुमचीच आहे.” हे उत्तर नव्हे.

माझं मत असं की सहकारी बँकेच्या अध्यक्षांवर कंपनीच्या अध्यक्षांपेक्षा हिशोबाची जबाबदारी जास्त आहे. कंपनीचा भागधारक नाराज झाला तर दुसऱ्या दिवशी शेअर विकून मोकळा होतो. आपला सभासद कुठे जाणार? त्याच्याकडे एक मत आणि एक अहवाल, एवढंच आहे. म्हणून लाभांश रोखायचा तर ठराव असा हवा : अमुक रक्कम, अमुक कामासाठी, इतक्या वर्षांत, आणि पुढच्या सभेत त्याचा स्वतंत्र तक्ता. आणि बँक सावरल्यावर सभासदाला काय, तेही लिहून हवं. कर्जाच्या व्याजात पाव टक्का सूट असेल तरी चालेल, पण कागदावर.

सभासदांनीही थोडं करायला हवं. सभेच्या नोटिशीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की प्रश्न अमुक दिवस आधी लेखी द्यावेत. सभेत उठून बोललात तर “वेळ कमी आहे” हे ऐकायला लागतं. आधी लेखी दिलात आणि पोच घेतलीत, तर निदान प्रश्न विचारलाच नव्हता असं कोणाला म्हणता येत नाही. पोटनियमांची प्रतही मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी मंडळाने शिफारस केली त्यापेक्षा जास्त लाभांश सभेला देता येत नाही. पण नफा वाटणीचा विषय मंजुरीसाठी सभेपुढेच येतो, आणि तो नामंजूर करण्याचा किंवा खुलासा इतिवृत्तात नोंदवायला लावण्याचा हक्क सभासदाचा आहे.

५,००० च्या भागावर आठ टक्क्यांनी ४०० रुपये होतात. एवढ्यासाठी एवढं कशाला, असं कोणी म्हणेल. पण हे चारशे हजारो सभासदांचे मिळून ६४ लाख होतात, आणि ६४ लाखांचा निर्णय “मंजूर, मंजूर” या दोन शब्दांत होऊ नये, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या बँकेचा अहवाल घरात कुठेतरी, बहुतेक दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात असेल. नफा वाटणीचं पान काढा आणि काय दिसतं ते खाली लिहा. बँकेचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.